मदत हवी आहे: लॉक-इन टाळायला एसक्यूएस सोडून रॅबिटएमक्यू स्वतः चालवावं का?

नाशिककर_डेव्ह: आम्ही तिघं वितरकांसाठी बिलिंगचं अ‍ॅप चालवतो, साधारण 6,000 वापरकर्ते. सगळं एडब्ल्यूएसवर आहे: आरडीएसवर पोस्टग्रेस, लॉगिनला कॉग्निटो, बिलांच्या पीडीएफची कामं एसक्यूएसच्या रांगेत. एकाच कंपनीत अडकायला नको, असं सरांचं म्हणणं, म्हणून रांग स्वतःच्या सर्व्हरवरच्या रॅबिटएमक्यूवर नेली. एका शनिवारी रात्री डिस्क भरली. एरर काहीच नाही, बिलं बनायची थांबली. सोमवारी ग्राहकांचे फोन आले तेव्हा कळलं. परत एसक्यूएसवर जावं का?

कोडकरी: कुबरनेटिस आणि टेराफॉर्म वापरा. उद्या कुठल्याही क्लाउडवर उचलून नेता येईल.

जुना_अ‍ॅडमिन: कंटेनर नेता येतील, ते खरं. पण टेराफॉर्ममध्ये `aws_sqs_queue` लिहिलं असेल तर दुसऱ्या क्लाउडसाठी तो भाग नव्यानेच लिहावा लागतो.

नाशिककर, मोकळी जागा `disk_free_limit` च्या खाली गेली की रॅबिटएमक्यू मेसेज पाठवणाऱ्यांना थोपवून धरतो, म्हणून एरर दिसली नाही. तिघांच्या टीमने हे रात्री-अपरात्री सांभाळू नये. परत जा. तुमचा मेसेज रांगेत जेमतेम काही मिनिटं राहतो. उद्या हलायचंच झालं तर नवे मेसेज नव्या रांगेत टाकायचे, जुनी रिकामी होऊ द्यायची आणि बंद करायची. त्यासाठी रांगेशी बोलणारा कोड एकाच फाइलमध्ये ठेवा.

एक गोष्ट मात्र तपासा. एसक्यूएसमध्ये घेतलेला मेसेज मुळात 30 सेकंदच लपलेला असतो. पीडीएफला 40 लागले तर तोच मेसेज दुसऱ्या वर्करला मिळतो आणि बिल दोनदा बनतं. ती वेळ वाढवा आणि बिल क्रमांकावर पोस्टग्रेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट लावा. तो कन्स्ट्रेंट रॅबिटएमक्यूवरही कामाला येतो.

पोस्टग्रेस `pg_dump` ने बाहेर निघतो. तुम्ही खरे अडकलाय ते लॉगिनमध्ये. कॉग्निटो वापरकर्त्यांची यादी देतं, पासवर्डचे हॅश देत नाही.

सांगलीची_मीरा: आम्ही अशीच एक लॉगिन सेवा बदलली. सगळ्यांना पासवर्ड रीसेटचा मेल पाठवला, पण बऱ्याच दुकानदारांचे मेल पत्ते जुने निघाले. दोन आठवडे फोनवरच होतो.

जुना_अ‍ॅडमिन: म्हणून जुनी सेवा काही महिने चालू ठेवतात. माणूस लॉगिन करेल तेव्हा पासवर्ड तिथे पडताळायचा आणि बरोबर असला की नव्या ठिकाणी हॅश करून ठेवायचा. जे त्या काळात फिरकत नाहीत, त्यांनाच रीसेट.

कोडकरी: मग आत्ताच कीक्लोक लावा ना!

जुना_अ‍ॅडमिन: ते अपडेट करत राहणं आणि लॉगिन बंद पडलं तर रात्री उठणंही यांच्याच गळ्यात येईल. जायचं कारण नसताना मी नेणार नाही. फक्त टेबलांमध्ये कॉग्निटोचा `sub` मुख्य ओळख म्हणून वापरू नका, स्वतःचा आयडी ठेवा.

नाशिककर_डेव्ह: आत्ता पाहिलं, 11 टेबलांमध्ये `sub` च फॉरेन की आहे. रांग याच आठवड्यात परत नेतो. ही टेबलं चालू सिस्टमवर, बिलिंग न थांबवता, कुणी बदलली आहेत का?