कुलदैवत, कूळ आणि वर्षाची वारी: संहितेत काय ठेवावं, काय गाळावं?

संहितावाली: कुलमंडळाच्या संमेलनासाठी दहा मिनिटांच्या चित्रफितीची संहिता लिहितेय. मसुद्यात तीन विधानं आहेत. एका गोत्राचं कुलदैवत एकच असतं. कुलदैवत विसरलं असेल तर ते गोत्रावरून सापडतं. आणि वर्षातून एकदा मूळ ठाण्याला गेलंच पाहिजे, नाहीतर दोष लागतो. तिसरं ज्येष्ठांना हवंच आहे, तरुण मंडळी म्हणतात काढा. तुम्ही काय कराल?

गोदाकाठ: तिसऱ्यावर भांडण्याआधी पहिली दोन काढून टाका, ती चूकच आहेत. चित्पावनांची गोत्रं 14, आणि अंबाजोगाईची योगेश्वरी त्यांतल्या कितीतरी गोत्रांच्या घरांची कुलस्वामिनी. उलट काश्यप गोत्र कोकणात सापडेल, देशावर सापडेल, गोव्यातही सापडेल, आणि प्रत्येकाचा देव वेगळा. शिवाय बऱ्याच घरांत गोत्र पुरोहिताकडून आलेलं असतं, ते रक्ताचं नातं सांगत नाही. कूळ म्हणजे ज्यांचं सोयर-सुतक एकमेकांना लागतं आणि ज्यांच्या देवघरातले टाक कधीकाळी एकाच देवघरातून वाटले गेले, ती भावकी. त्यामुळे शोध देव्हाऱ्यातून सुरू करायचा, पंचांगातून नव्हे.

आडनावशोधक: गोत्राचं मान्य. पण आडनावावरून कळतं की! आडनाव सांगितलं की जाणकार गुरव लगेच देव सांगतो.

गोदाकाठ: आडनाव आणि मूळगाव, दोन्ही सांगितलं तर. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनाची नावं, ती शेकडो असंबंधित घराण्यांना चिकटली. नुसतं ‘कुलकर्णी’ सांगून देव विचारला तर समोरचा सोयीचं उत्तर देतो आणि पुढच्या दोन पिढ्या तेच चालवतात. मूळगाव माहीत असेल तर गावच्या भावकीत विचारा, आणि नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नोंद शोधा. वहीत देव लिहिलेला असेलच असं नाही, पण गाव आणि चुलत शाखा मिळतात. त्या शाखेकडे कुलाचार जिवंत असतो.

नवीसून: आमचंच विचारते. देव्हाऱ्यात चांदीचा टाक आहे, झिजलाय, पण घोड्यावर बसलेला पुरुष स्पष्ट दिसतो. सासूबाई म्हणतात घोडेस्वार म्हणजे खंडोबा, जेजुरीला चला. मग देवाला गुलाल का वाहतात, हे कुणालाच सांगता येत नाही.

गोदाकाठ: नुसत्या घोड्यावर निर्णय करू नका. जोतिबाचाही टाक घोडेस्वाराचा असतो, काही भागांत भैरवनाथाचाही. टाक उन्हात तिरका धरून बघा. स्वारामागे बाईची आकृती असेल आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा असेल तर बहुधा म्हाळसेसह खंडोबा. हातातल्या डमरू-त्रिशूळावरून मात्र ठरवू नका, ती आयुधं खंडोबाकडेही असतात आणि जोतिबाकडेही. पण झिजलेल्या टाकावर मी कुलाचाराला जास्त वजन देईन. खंडोबाच्या घरात भंडारा असतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षडरात्र बसतं, चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य असतो. तळी भरताना ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवून विषम संख्येची माणसं ताम्हन उचलतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणतात. यातलं काहीच नाही, गुलाल आहे आणि जुनी माणसं ‘चांगभलं’ म्हणत असतील, तर जेजुरीआधी जोतिबाच्या डोंगराची चौकशी करा. आणि दोन्ही प्रकारच्या खुणा सापडल्या तर घाबरू नका. एखादा टाक आजोळहून किंवा नवसातून आलेला असतो.

नवीसून: षडरात्र नाही. चंपाषष्ठीला भरीत असतं, पण ते शेजारीही करतात.

गोदाकाठ: मग भरीत पुरावा नाही. चातुर्मासात वांगं वर्ज्य करून त्या दिवशी सोडणारी कितीतरी घरं आहेत. मूळगावच्या चुलत्यांकडचा टाक बघा, तो कमी झिजलेला असेल.

लग्नाळू: थोडं वेगळं. कुलदैवत एक असेल तर लग्न जमतं का?

गोदाकाठ: कुलदैवत एक असल्यानं अडत नाही, नाहीतर तुळजापूरच्या घरांना सोयरीकच मिळाली नसती. गोत्र पाळणारे गोत्र बघतात, मराठा समाजात देवक बघतात. देवक म्हणजे झाडपाल्यासारखी कुळाची खूण, ती लग्नात पुजतात; दैवत वेगळं. संहितेत हा फरक एका वाक्यात तरी आणा.

भंडाराधारी: आता तिसऱ्याकडे या. वर्षाची वारी हवीच. टाक म्हणजे ठाण्यावरच्या देवाचीच प्रत. म्हणून नवा टाक घडवला की तो ठाण्यावर नेऊन देवाला भेटवतात, मगच देव्हाऱ्यात बसवतात. तसंच घरात नवी सून आली, मूल झालं की देवापुढे नेऊन दाखवतात, ओटी भरतात, जावळ देतात. वर्षभरात घरात जी भर पडली ती देवाला सांगायची, म्हणून वर्ष. आणि विखुरलेली भावकी एका दिवशी एका ठिकाणी येते, तेव्हा कोणाकडचा कुलाचार बंद पडला ते तिथं कळतं.

रोखठोक: कारण छान, पण ‘हवीच’ कुठून आलं? दरवर्षीचा नेम असतो तो घरच्या कुलाचाराला: नवरात्राचा घट, षडरात्र, तळी. जेजुरी विदर्भातल्या घराला बैलगाडीच्या काळात दरवर्षी शक्य होती का? म्हणून तर खंडोबाची ठाणी जागोजाग आहेत: पाली, अणदूर-नळदुर्ग, माळेगाव. आणि ‘मूळ ठाणं’ म्हणाल तर मंगेशी मूळची कुठ्ठाळीची, पोर्तुगीज काळात 1560 च्या सुमारास देव प्रियोळला हलवला. भक्त नव्या जागी गेले. देव हलतो तर नेमही हलू शकतो.

भंडाराधारी: हलवला, सोडला नाही. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

रोखठोक: सोडा म्हणतंय कोण? ‘दोष’ हा शब्द काढा एवढंच. दोषाच्या भीतीनं माणसं चुकीच्या देवाला जातात, हे वर घोडेस्वाराच्या टाकात दिसलंच.

घाटमाथा: दोघांत तिथीचं कोणी बोलत नाही, आणि फसगत तिथंच होते. तुळजापूरला देवीची निद्रा वर्षातून तीनदा असते: भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी. त्या दिवसांत मूर्ती पलंगावर असते, सिंहासनावरचा अभिषेक होत नाही. दसऱ्याच्या सुट्टीला जोडून येणारे नेमके यात सापडतात. अणदूर-नळदुर्गला तर मूर्ती एकच आहे, ती वर्षाचा बराच काळ अणदूरला आणि हिवाळ्यात नळदुर्गला असते. न विचारता गेलात तर रिकामा गाभारा. संहितेत ‘वर्षातून एकदा’ लिहाल तर ‘कधी’ तेही लिहा, आणि ते प्रत्येक ठाण्याचं वेगळं.

संहितावाली: पहिली दोन विधानं काढली, देवकाचं वाक्य घातलं. तिसऱ्यात ‘घरात भर पडली की देवाला भेटवायला जातात, बरीच घरं दरवर्षी जातात’ असं केलंय. दोष वगळला.

भंडाराधारी: ‘बरीच घरं’ म्हणालात की पुढच्या वर्षी कोणी येणार नाही.

रोखठोक: येतील ते तरी टाक बघून येतील.