साताऱ्यातल्या मसाल्याच्या दुकानासाठी वेबसाइट : काय विचारून घ्यावं?

खमंग_कोपरा :
साताऱ्यात वडिलांचं मसाल्याचं दुकान आहे. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाणा चटणी धरून १८ पदार्थ, प्रत्येक पाव, अर्धा आणि एक किलोत. पुण्या-मुंबईची जुनी गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर यादी पाठवतात, गूगल पे करतात, आम्ही कुरिअर करतो. दिवसाला ८-१० ऑर्डरी. कुणाचे पैसे आले, कुणाचा नुसता स्क्रीनशॉट आला, यात रोज संध्याकाळ जाते. मधूनच बेळगाव, बंगळुरूचीही मागणी येते. जीएसटी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत आहे. एकाने वेबसाइटचे ६०,००० सांगितले, वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर करणार, "सगळं त्यात आलं" म्हणाला. त्याला काय काय विचारू?

बिनधास्त_बंडू :
एवढे पैसे कशाला घालता राव? गूगलवर दुकानाची नोंद करा, फोटो टाका, फुकटात लोक येतात. आणि ४० लाखांच्या आत जीएसटी लागतच नाही, तेही सोडून द्या.

दशमान :
बंडूशेठ, गूगलवरच्या नोंदीने नवं गिऱ्हाईक दुकानाच्या दारात येईल. यांची अडचण वेगळी आहे, जुनं गिऱ्हाईक फोनवरून तीच यादी पुन्हा देतंय. खमंग, वेबसाइटवाल्याला आधी हेच सांगा. मुखपृष्ठावर सरकत्या चित्रांची पट्टी नको. मोबाइल नंबर टाकला की मागची ऑर्डर दिसावी आणि एका बटणात तीच पुन्हा टाकता यावी. त्याने दाखवलेल्या नमुन्यात हे नसेल तर ६०,००० सजावटीचे आहेत.

पदार्थ १८च धरा, ५४ नव्हे. एका पदार्थाच्या पानावर तीन वजनं निवडता आली पाहिजेत. प्रत्येक वजनाला स्वतःची किंमत, स्वतःचा साठा आणि पॅक केलेलं वजन भरायचं. एक किलोच्या पुड्याला १ किलो लिहिलं की कुरिअरचा हिशोब पहिल्याच दिवशी चुकतो.

जमाखर्च :
बंडू म्हणतात ते महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकण्यापुरतं बरोबर आहे. माल राज्याबाहेर गेला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. आणि कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. म्हणजे बंगळुरूची एक ऑर्डरसुद्धा अडचणीची. व्हॉट्सॲपवर हे कुणाच्या डोळ्यावर येत नाही, वेबसाइटवर प्रत्येक ऑर्डर पत्त्यासकट नोंदली जाते.

तेव्हा आधी ठरवा, कंपोझिशन सोडून नियमित व्हायचं की फक्त महाराष्ट्रात विकायचं. कंपोझिशनमध्ये राहणार असाल तर बिलावर कर वेगळा दाखवता येत नाही, त्यामुळे वेबसाइटवरची कराची ओळ बंद ठेवायला सांगा. बंगळुरूची मागणी वर्षाला किती, ते वहीत मोजा आणि तुमच्या सीएला विचारा. माझं मत, दहा-वीस ऑर्डरींसाठी कंपोझिशन सोडू नये.

दशमान :
महाराष्ट्रापुरतं ठेवायचं तर वूकॉमर्समध्ये शिपिंगचा एकच झोन करा, त्यात फक्त महाराष्ट्र. उरलेल्या ठिकाणांसाठी खाली आपोआप एक झोन असतो, त्यात डिलिव्हरीचा एकही पर्याय ठेवायचा नाही. बंगळुरूचा पत्ता टाकला की पैसे भरण्याआधीच गाडी अडते. पण तिथे येणारा ठरावीक संदेश मराठीत नीट लिहून घ्या, नाहीतर लोकांना साइट बिघडली असं वाटतं.

रेशीमगाठ :
माझं साड्यांचं दुकान आहे. साडीचा रंग फोटोत वेगळा दिसतो म्हणून परत येते. मसाल्यात परत घेता का? पॉलिसीत काय लिहू?

दशमान :
ताई, साडीला वेगळा धागा काढा, तिथे फोटोचा उजेड हाच अर्धा विषय आहे. इथे एवढंच सांगतो की पेमेंट गेटवेवाले, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणारे, खातं देण्याआधी साइटवर परतावा, डिलिव्हरी, अटी, गोपनीयता आणि संपर्क ही पानं पाहतात. ती कोरी असली की अर्ज अडकतो. खाण्याच्या वस्तूला "फुटलेलं किंवा चुकीचं पार्सल असेल तर ४८ तासांत फोटो पाठवा" एवढं स्पष्ट लिहिलं तरी बरंच भागतं.

खमंग_कोपरा :
ठीक. आता पैशांचं सांगा. गेटवे लावला की स्क्रीनशॉटची कटकट संपेल ना?

दशमान :
संपेल, पण एका जागी घोळ होतो, तो आधीच समजून घ्या. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे भरतं, त्यासाठी ते ब्राउझर सोडून पेमेंटच्या ॲपमध्ये जातं. पैसे गेले, आणि तो पठ्ठ्या परत ब्राउझरमध्ये आलाच नाही. पैसे गेटवेकडे जमा, तुमच्या साइटवर मात्र ऑर्डर `Pending payment`. साइट गिऱ्हाईक परतण्याची वाट पाहत बसते.

यावर उपाय म्हणजे वेबहूक. पैसे जमा झाले की गेटवे स्वतःच तुमच्या साइटला कळवतो, गिऱ्हाईक परत येवो न येवो. अनेक जण गेटवेचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार भाग, बसवतात आणि वेबहूकचा पत्ता गेटवेच्या खात्यात भरायचंच विसरतात. भरला तरी साइटवरचं सुरक्षेचं प्लगइन कधीकधी तो निरोप अडवतं. गेटवेच्या खात्यात वेबहूकची नोंद उघडून पाहा. २०० दिसलं तर पोचला, ४०३ दिसलं तर दारातूनच परत गेला.

दुसरी गोम इथे आहे :

```
WooCommerce > Settings > Products > Inventory
Hold stock (minutes): 60
```

पैसे न आलेली ऑर्डर ६० मिनिटांनी आपोआप रद्द होते. वेबहूक बंद असेल तर पैसे भरलेली ऑर्डरही रद्द होते, आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो, "पैसे घेतले आणि रद्द केलं?" म्हणून साइट सुरू करण्याआधी स्वतःच ₹१ ची वस्तू ठेवा, यूपीआयने पैसे भरा आणि ब्राउझर मुद्दाम बंद करा. ऑर्डर दोन-तीन मिनिटांत `Processing` झाली तरच पुढे जा. वेबसाइटवाल्याला शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्या.

जमाखर्च :
गेटवेचा खर्च दरात धरा. दर २% असला तर ₹६०० च्या ऑर्डरवर ₹१२, त्यावर १८% जीएसटी ₹२.१६, म्हणजे ₹१४.१६. कंपोझिशनमध्ये हा जीएसटी परत मिळत नाही. कोणत्या पर्यायाला किती दर, ते गेटवेकडून लेखी घ्या.

बिनधास्त_बंडू :
मग कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा की. गावाकडे लोक आधी पैसे देतच नाहीत.

दशमान :
यांची गिऱ्हाइकं आजही आधीच पैसे देतायत. कॅशवालं पार्सल दारातून परत आलं तर जाण्याचं आणि येण्याचं असं दोन्ही भाडं तुमच्या डोक्यावर, वर तेल सुटलेला पुडा.

बिनधास्त_बंडू :
नव्या गिऱ्हाइकाला विश्वास कसा बसणार मग? मला नाही पटलं.

खमंग_कोपरा :
कुरिअरचं भाडं आज अंदाजे लावतो. साइटवर काय लिहू?

दशमान :
आधी खोका मोजा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात, आणि ते व खरं वजन यात जे जास्त त्यावर भाडं लावतात. एक किलो मसाला, पॅकिंगसकट १.१५ किलो. खोका ३०×२०×१५ असेल तर ९००० भागिले ५००० म्हणजे १.८ किलो. अर्ध्या किलोचे टप्पे असले तर भाडं २ किलोचं. तोच माल २२×१६×१२ च्या खोक्यात घाला, आकाराचं वजन ०.८४ येतं, मग खरं १.१५ धरून भाडं १.५ किलोचं. दोन-तीन मापांचे खोके ठरवा आणि दर त्यावरून काढा.

देखभालीचं एकच खडसावून सांगतो. डोमेन आणि गेटवेचं खातं वडिलांच्या ईमेल-मोबाइलवर काढा, वेबसाइटवाल्याच्या नावावर नको. तो दुसऱ्या वर्षी फोन उचलेनासा झाला तर नुसतं डोमेन सोडवायला महिने जातात. मिरचीचा भाव हलला की किंमत तुम्हाला स्वतः बदलता आली पाहिजे, दर वेळी त्याला फोन नको. आणि पॅकबंद मालाचं नक्त वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता साइटवरही द्या, १४ आकडी एफएसएसएआय नंबरासकट.

खमंग_कोपरा :
आत्ताच खोका मोजला, ३२×२४×१४. २.१५ किलो येतंय! अर्धा किलो चटणीसुद्धा यातच पाठवतोय आम्ही. वेबसाइटवाल्याला वेबहूकचं विचारलं, तो म्हणाला "ते प्लगइन करतं आपोआप". खरं का?

दशमान :
काही प्लगइन करतात. त्याच्याकडून ₹१ ची चाचणी तुमच्यासमोर करून घ्या, ब्राउझर बंद करून.