मदत हवी आहे: हायलाइट्स करताना फॉइल तापलं, आता घरी काळा रंग लावू का?

नवी_पेठवाली: शनिवारी पार्लरमध्ये हायलाइट्स करायला बसले. पाच मिनिटांत फॉइल इतकं गरम झालं की हात लावेना. बाईंनी लगेच धुतलं. आता त्या बटा ओल्या असताना रबरासारख्या ताणतात आणि तुटतात. बारा दिवसांवर नणंदेचं लग्न आहे. वरून काळा डाय लावला तर चालेल का? लवकर सांगा.

सुमनताई: दही-मेथी लाव गं. पार्लरवाल्यांचं ब्लीच नेहमी कडकच असतं.

केशकर्तन_१८वर्षं: नुसत्या कडक ब्लीचने फॉइल असं पेटत नाही. आधी काय लावत होता?

नवी_पेठवाली: काहीच नाही हो. महिन्यातून एकदा मेंदी, लोखंडी कढईत भिजवलेली.

रावसाहेब: सापडलं! मेंदीवर ब्लीच चालतच नाही.

केशकर्तन_१८वर्षं: रावसाहेब, निव्वळ मेंदीवर रंग नारिंगी येतो, पण फॉइल तापत नाही. ताई, पांढऱ्या केसांसाठी एखादी बाटली?

नवी_पेठवाली: हो, पण तो डाय नाही. भावाने दुबईहून बाबांसाठी आणलेलं पाणी. तळाशी पिवळा गाळ बसतो, हलवून रोज सकाळी लावायचं. दोन महिन्यांत केस हळूहळू काळे होतात. मीही लावायचे.

केशकर्तन_१८वर्षं: तेच ते. पिवळा गाळ गंधकाचा, पाण्यात बहुतेक शिशाचा नाहीतर बिस्मथचा क्षार. रोज थोडा धातू केसावर बसतो, म्हणून रंग हळूहळू चढतो. ब्लीचमधलं पेरॉक्साइड त्या धातूला लागलं की एकदम फुटतं, उष्णता सुटते आणि केस आतून जळतो. डायच्या डेव्हलपरमध्येही पेरॉक्साइडच असतं, म्हणून काळा डाय अजिबात नको.

अक्कलकोट_रोड: माझ्या चुलतभावाला काळ्या मेंदीने कपाळ सुजलं होतं. मेंदीच वाईट.

केशकर्तन_१८वर्षं: ती ॲलर्जी, वेगळी गोष्ट. ताई, खालची न दिसणारी एक बट कापा. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड, त्यात अमोनियाचे २० थेंब, खिडकी उघडी ठेवून. बट अर्धा तास बुडवून ठेवा. झपाट्याने फिकी पडली तर शिसं. उकळल्यासारखी होऊन तुटली तर तांबं. काहीच झालं नाही तरी खूश होऊ नका, चांदीचा क्षार असला की असंच होतं.

नवी_पेठवाली: केली. दोन मिनिटांत बट फिकी पडली, वाटीही कोमट लागली.

रावसाहेब: मग कढईतल्या लोखंडाचं काय? तोही धातूच ना?

केशकर्तन_१८वर्षं: लोखंडही पेरॉक्साइडला छेडतं, हे खरं. कढईतून केसावर किती चढतं ते मात्र मी कधी तपासलेलं नाही. ताई, बाटली बंद, बाबांचीही. अमेरिकेत शिशाच्या क्षाराची केसांच्या रंगातली परवानगी २०१८ साली काढून घेतली. लग्नापुरता डेव्हलपर न लागणारा तात्पुरता रंग लावा, तोही आधी एका बटेवर. ताणणाऱ्या बटा कापाव्याच लागतील, बाकीचं वाढून जाऊ द्यायचं.

नवी_पेठवाली: बाबा म्हणतात, बाटलीत अजून अर्धी शिल्लक आहे, फेकायची कशाला.

सुमनताई: दही लावलंस का?