पिहूची रिकामी जागा: मस्ट की शुड?

वहिनी: मावशी, जाग्या आहात का? पिहूच्या वर्कशीटवर अडलोय. वाक्य आहे, ‘हिज शूज आर हिअर अँड द टीव्ही इज ऑन. ही ___ बी ॲट होम.’ तिने शुड लिहिलं, बाईंनी खोडून मस्ट केलं. मस्ट म्हणजे सक्ती ना? त्याला घरी राहायची सक्ती कोण करतंय?

मावशी: सक्ती कुणाचीच नाही गं. मस्टची दोन कामं आहेत. एक सक्तीचं, ‘केलंच पाहिजे’. दुसरं पक्क्या अंदाजाचं, ‘असणारच’. बूट दारात, टीव्ही चालू, म्हणजे तो घरी असणारच. समोरच्या खुणांवरून दुसरं काही संभवत नाही, म्हणून मस्ट.

दादा: पण मावशी, ‘तो घरी असायला पाहिजे’ असंही म्हणतोच की आपण. पिहूने तेच लिहिलं.

मावशी: म्हणतो, पण कधी ते बघ. समज त्याचं ऑफिस सहाला सुटतं, अर्ध्या तासाचा रस्ता, आता सात वाजलेत. आपण बूटही पाहिले नाहीत, टीव्हीही ऐकला नाही. नेहमीच्या हिशोबाने तो घरी असायला हवा, एवढंच. तिथे शुड.

पिहूला एक सांग. वाक्यापुढे ‘पण नाहीये’ जोडून बघायचं. ‘ही शुड बी होम बाय नाऊ, बट ही इजन्ट’ हे चालतं, कारण हिशोब चुकू शकतो. ‘ही मस्ट बी होम, बट ही इजन्ट’ कानाला लगेच खटकतं. असणारच म्हणायचं आणि लगेच नाही म्हणायचं!

ताई: टीव्ही बंद असता आणि नुसते बूट असते तर?

मावशी: तर माइट. दुसरा जोड घालून बाहेर पडला असेल. खूण अर्धवट असली की माइट.

वहिनी: आणि ऑट टू कुठे घालायचं? अर्थ तर शुडसारखाच वाटतो.

मावशी: जवळजवळ तोच. आधी रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द बघायचा. ‘यू ___ टू सी अ डॉक्टर’ असेल तर या चौघांपैकी फक्त ऑट बसतं. मस्ट, शुड, माइट यांच्यापुढे टू येत नाही. अर्थाकडे नंतर वळायचं. कितीतरी मुलं इथे शुड लिहून मार्क घालवतात, फार वाईट वाटतं.

दादा: आणि बाहेरून कुलूप असेल तर ‘ही मस्ट नॉट बी ॲट होम’?

मावशी: पेपरात ते नको रे. मस्ट नॉट म्हटलं की मनाई वाटते, जणू त्याने घरी असताच कामा नये. ‘असणं शक्यच नाही’ याला ‘ही कान्ट बी ॲट होम’.

वहिनी: पिहू विचारतेय, ‘यू ___ स्टॉप ॲट अ रेड लाइट. इट इज द लॉ.’ इथे मस्ट ना?

मावशी: हो, सक्तीवालं. ‘लॉ’ शब्दाखाली रेघ मारायला सांग तिला.