ऐंशी शुभेच्छांना ऐंशी वेगळी उत्तरं द्यावीत का?

पायरी: दिवाळीच्या पाडव्यापर्यंत ऐंशीच्या आसपास शुभेच्छा आल्यात. ऑफिस, सोसायटी, शाळेतल्या मैत्रिणी, नातेवाईक. प्रत्येकाला आपलं वाटेल असं उत्तर द्यायचंय, आपण बोलतो तसंच मराठी-इंग्रजी मिसळून. पण दहाव्या उत्तरापासून सगळी सारखीच व्हायला लागली. एकच मजकूर सगळ्यांना पाठवू का?

रोखठोक: पाठवा. ज्यांनी पणतीचं आलेलं चित्र पुढे ढकललं, त्यांनी तुमच्यासाठी काही लिहिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात आणि प्रत्येकाला मेसेज एकट्यालाच आल्यासारखा दिसतो. तो वेळ घरच्यांना द्या.

जुनी वही: ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. आपण समजतो उत्तर गेलं, आणि ते बिचारे वाट बघतात.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी मीही 'तुम्हाला व कुटुंबीयांना ही दिवाळी आनंदाची, भरभराटीची जावो' असं सगळ्यांना एकदम पाठवलं. त्यातल्या एका घरी श्रावणात आजोबा गेले होते. दारात आकाशकंदीलसुद्धा लावला नव्हता. त्या काकूंकडून फक्त जोडलेले हात आले. ते मला अजून बोचतं.

पायरी, सारखेपणा येतो कारण आपण शुभेच्छेचं वाक्यच बदलत बसतो. सुखाची, समृद्धीची, मंगलमय... विशेषणं किती पुरणार? शुभेच्छा साधीच ठेवा. हाक बदला आणि एक तपशील घाला. तपशील आठवत नसेल तर लिहिण्याआधी त्या व्यक्तीचं चॅट थोडं वर सरकवून शेवटचं बोलणं बघा. अर्ध्या मिनिटात सापडतो.

ऑफिसमधल्या मुलीने 'हॅपी दिवाळी मॅम' लिहिलंय, तर: 'थँक यू गं, तुलाही हॅपी दिवाळी! ऑडिटमध्ये खूप धावलीस, आता भाऊबीजेपर्यंत लॅपटॉप उघडू नकोस.'

शेजारच्या काकूंना: 'काकू, तुम्हाला आणि काकांना दिवाळीच्या शुभेच्छा. काकांची फिजिओथेरपी संपली का? उद्या संध्याकाळी डोकावते.'

शाळेतल्या मैत्रिणीला: 'अगं, शिफ्टिंग झालं का एकदाचं? नव्या घरातली पहिली दिवाळी! बाल्कनीचा फोटो टाक.'

इंग्रजी कुठे आलं बघा. ऑडिट, फिजिओथेरपी, शिफ्टिंग, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला तेच नाव आहे तिथे. हाक, क्रियापद आणि तो 'ही' मात्र मराठीत. 'सेम टू यू' म्हटलं की बोलणं तिथेच संपतं, 'तुलाही' म्हटलं की पुढे काही लिहावंसं वाटतं. आणि काकूंना 'टेक केअर' लिहू नका, फोन ठेवल्यासारखं वाटतं. 'जपा' म्हणा.

देवघर: निदान सणाला तरी भेसळ नको. शुभेच्छा शुद्ध मराठीतच द्याव्यात.

जुनी वही: मोठ्यांच्या बाबतीत पटतं. पण 'हॅपी दिवाळी मॅम'ला मी 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' असं उत्तर दिलं, तर त्या मुलीला वाटेल आपलं काही चुकलं. समोरच्याने ज्या सुरात लिहिलंय, त्याच्या जवळपास राहावं.

मोगरा: माझं उलटंच आहे. मी भाच्याला चार ओळी लिहिते आणि त्याच्याकडून नुसता अंगठा येतो. इंग्रजीत लिहिलं तर तो उत्तर देईल का?

जुनी वही: भाषेने फरक पडेल असं वाटत नाही, आत्या. चार ओळींऐवजी एकच प्रश्न विचारून बघा, ज्याला अंगठा हे उत्तरच होऊ शकत नाही. 'घरी कधी पोचतोयस?' एवढंच.

रोखठोक: आणि तपशील चुकला तर? मला एका ओळखीच्यांनी 'मुलीची बारावी कशी चाललीय' असं विचारलं. मला मुलगी नाही. त्यापेक्षा सगळ्यांना जातो तो मजकूर परवडला, निदान मला दुसऱ्या कोणाशी गल्लत केलेली कळत तरी नाही.

जुनी वही: हे खरं आहे. खात्री नसेल तर तपशील सोडून द्यावा. 'अहो दादा, तुम्हालाही शुभेच्छा, बऱ्याच दिवसांत बोलणं नाही झालं' एवढं पुरतं. शिवाय सगळ्या मैत्रिणींना एका दमात उत्तरं दिली की तेच वाक्य हातातून उतरतं. मधे एखादी काकू, एखादा ऑफिसवाला घेतला की बोलण्याची ढब आपोआप बदलते.

पायरी: रात्री बसले. एकोणतीस उत्तरं झाली. चॅट वर सरकवताना कळलं, एका मैत्रिणीने जूनमध्ये नोकरी सुटल्याचं लिहिलं होतं आणि मी उत्तरच दिलं नव्हतं. तिला मेसेज न करता फोन केला, पाऊण तास बोललो. नुसतं चित्र पाठवणाऱ्यांचे तीसेक मेसेज मात्र तसेच पडलेत.

रोखठोक: त्यांना चित्रच पाठवा.

जुनी वही: मी त्यांनाही नाव घालून एक ओळ लिहिते. चित्र पाठवणाऱ्यांतले बरेच जण टायपिंग न जमणारे असतात. माझे मामा त्यातलेच.