‘क्युम्युलेटिव्ह रिलीज’ला मराठीत काय म्हणावं?

पारंबी: डी.फार्म.च्या मुलांसाठी पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. गोळीच्या डिसोल्यूशनचं टिपण मराठीत लिहितेय. पॅडल ५० आरपीएम, ३७ अंश, ९०० मिली बफर. ५, १०, १५ आणि ३० मिनिटांनी १० मिली नमुना काढायचा, तेवढाच ताजा कोमट बफर परत घालायचा. तक्त्यातल्या ‘क्युम्युलेटिव्ह’ला ‘एकूण’ चालेल?

सरळहिशेबी: चालेल की. मिलीमागे जेवढे मि.ग्रॅ. निघाले त्याला ९०० ने गुणा, ५०० ने भागा, टक्के काढा. झालं.

गाळणी: शेवटी एकच नमुना काढत असाल तर झालं. इथे चार आहेत. समजा ३० मिनिटांना मिलीमागे ०.५० मि.ग्रॅ. निघालं (पातळ केल्याचा गुणक लावून). भांड्यात ४५० मि.ग्रॅ., म्हणजे ९० टक्के. पण आधीचे तीन नमुने ०.२०, ०.३२ आणि ०.४० चे होते. त्यांतून २ + ३.२ + ४ = ९.२ मि.ग्रॅ. आपणच बाहेर नेलं, आणि तेही गोळीतूनच सुटलेलं. बेरीज ४५९.२, म्हणजे ९१.८ टक्के. ३० मिनिटांचा नमुना वेगळा मिळवायचा नाही, तो ९०० मिलीत आलाच. बफर परत घातला नसेल तर ९०० ऐवजी ८७० धरा, उत्तर ८८.८ येईल. ‘एकूण’ लिहिलंत तर मुलं भांड्यातलंच एकूण समजतील.

रात्रपाळी: आमची एक गोळी दोन मिनिटांत विरघळते, तरी ३० मिनिटांना ६० टक्केच! सूत्र चुकतंय का?

गाळणी: ती फुटते, विरघळत नाही. पॅडलच्या बरोबर खाली बघा, चुऱ्याचा शंकू साचलाय का. तिथे ढवळणं पोचत नाही. कारण शोधण्यापुरतं ७५ आरपीएमवर चालवून बघा; आकडा झपकन वर गेला तर शंकूच दोषी. अहवाल मात्र ठरलेल्या वेगाचाच द्यायचा. नमुना पाण्याचा पृष्ठभाग आणि पॅडलचा वरचा काठ यांच्या मधोमध, भिंतीपासून निदान १ सेमी आत घ्या, आणि लगेच गाळा. न गाळता ठेवलात तर त्यातला चुरा नळीतही विरघळत राहतो आणि टक्के फुकट वाढतात.

रात्रपाळी: शंकू आहे खरा. पण गोळी हलकी असली की वर तरंगते, तेव्हा?

गाळणी: मग सिंकर, म्हणजे तारेचा पिंजरा. पण तो पद्धतीत लिहिलेला असेल तरच.

पारंबी: मग ‘संचित टक्के’?

सरळहिशेबी: संचित म्हटलं की मला प्रारब्ध आठवतं. ‘आतापर्यंत सुटलेलं’ लिहा.

पारंबी: अर्थ पक्का आहे, पण रकाना केवढासा! तूर्त ‘आजवर सुटलेलं %’ टाकते. ‘आजवर’ मिनिटांच्या कामाला जरा भारदस्तच वाटतं.