फुकट वाहिन्या आणि वर्गणी
«टीव्हीतच एवढी चॅनेल फुकट दिसतात, तर ओटीटीची वर्गणी बंद करावी का?»

सॅमसंग टीव्ही प्लस किंवा एलजी चॅनेल्सवरील वाहिन्या इंटरनेटवरून येत असल्या, तरी त्यांचे वेळापत्रक ठरलेले असते. त्यामुळे चित्रपट अर्धा झाल्यावर टीव्ही लावला, तर बहुतेक वाहिन्यांवर तो सुरुवातीपासून पाहता येत नाही. वर्गणीच्या सेवेत मात्र निवडलेली मालिका जिथे सोडली तिथून सुरू होते, आणि माझ्या मते पैसे द्यावेत ते याच सोयीसाठी. केवळ जाहिराती टाळायच्या असतील, तर आधी योजना नीट वाचावी, कारण काही स्वस्त योजनांतही त्या असतात.

‘फुकट’ या शब्दात इंटरनेटचा खर्च धरलेला नसतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दादरला आमच्या आई रोज तीन तास अशा वाहिन्या पाहतात. प्रवाहाचा वेग 5 एमबीपीएस धरला, तर ताशी सुमारे सव्वादोन जीबी आणि महिन्याला 200 जीबी डेटा लागतो. घरच्या ब्रॉडबँडला तो सहज पेलतो. परंतु मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांचा रोजचा 2 जीबी डेटा तासाभरातच संपेल.